वहीतील साखर एका पानावर: मधुमेहाच्या नोंदींचा तक्ता व आलेख कसा करावा

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले. ते २६.४ टक्के होते. त्यामुळे राज्यातील पुष्कळ घरांत आज ग्लुकोमीटर आहे आणि त्याच्या जोडीला एक वहीही आहे. कोठे ती शाळकरी वही असते, कोठे भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे चौकोन, तर कोठे औषधांच्या पावतीची मागची बाजू. तपासणीच्या दिवशी ही वही डॉक्टरांपुढे ठेवली जाते. डॉक्टर तीन-चार पाने चाळतात, शेवटचे दोन-तीन आकडे पाहतात आणि ‘ठीक आहे, औषध तेच चालू ठेवा’ असे सांगतात. दोष वहीचा नसतो आणि डॉक्टरांचाही नसतो. वहीत आकडे ज्या क्रमाने लिहिले गेले, त्या क्रमात त्यांतील अर्थ दिसत नाही, एवढेच. तेच आकडे दिनांकवार तक्त्यात मांडले आणि त्यांचा साधा आलेख काढला, तर जी गोष्ट सरासरीत आणि वहीच्या पानांत दडून राहते ती क्षणात नजरेस येते.

हे कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण समजुतीसाठी रचलेले आहे; त्यातील आकडे मात्र अशा वह्यांत नेहमी आढळणाऱ्या प्रकारचे आहेत.

वहीतील तीन दिवस

फोंडा तालुक्यातील बासष्ट वर्षांच्या एका गृहिणीला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळच्या नाश्त्याबरोबर त्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी घेतात. २०२५ च्या श्रावणात त्यांनी लिहिलेली नोंद अशी होती:

‘सोम. सकाळी १३४. गोळी घेतली. उपास. दुपारी ६१, घाम सुटला, साखरपाणी घेतले, मग १०४. रात्री २३८.
मंगळ. उपाशी १४८, नंतर १८२. नागपंचमी, पातोळ्या.
बुध. १३६, ११२, १७६.’

(साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.)

लिहिणाऱ्या बाईंना यातील प्रत्येक आकड्याचा संदर्भ त्या दिवशी ठाऊक होता. महिनाभराने वाचणाऱ्या डॉक्टरांना तो कळत नाही. बुधवारचा ११२ जेवणाआधीचा की नंतरचा? मंगळवारचा ‘नंतर’ म्हणजे नाश्त्यानंतर की जेवणानंतर, आणि किती वेळाने? हा प्रश्न किरकोळ नाही. १७६ हा आकडा जेवणानंतर दोन तासांनी असेल तर सामान्यतः चालण्यासारखा आहे. तोच पहाटे उपाशीपोटी असेल तर उपचारात बदल करावा लागेल. साखरेचा आकडा वेळेपासून आणि जेवणापासून वेगळा केला की त्याचा अर्थच उरत नाही. म्हणून तक्त्याचे पहिले काम आकडे नीटनेटके लिहिणे हे नसून प्रत्येक आकड्याला त्याची वेळ परत मिळवून देणे हे आहे.

आधी मीटरची स्मृती पाहावी

हरवलेली वेळ बहुधा मीटरमध्येच असते. आजचे बहुतेक ग्लुकोमीटर शेकडो मोजण्या दिनांक व वेळेसह साठवून ठेवतात. मीटरवरील बटण दाबून मागे मागे गेले की त्या एकेक करून दिसतात. वही आणि मीटर शेजारी ठेवून दोघांची गाठ घालावी. वरील बुधवारच्या तीन आकड्यांपुढे मीटरने सकाळी ६.४०, दुपारी १२.३५ आणि रात्री १०.१० अशा वेळा दाखवल्या. घरी दुपारचे जेवण एक वाजता आणि रात्रीचे आठ वाजता होते. म्हणजे १३६ उपाशीपोटीचा, ११२ दुपारच्या जेवणापूर्वीचा आणि १७६ रात्रीच्या जेवणानंतरचा, हे निश्चित झाले.

ही गाठ घालताना तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, मीटरचे घड्याळ. सेल बदलल्यावर पुष्कळ मीटरांचे घड्याळ मागे जाते किंवा सकाळ-संध्याकाळ यांची अदलाबदल होते. मीटर सुरू करून मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावे. फरक कायम बारा तासांचा असेल तर सर्व वेळा तेवढ्याने सरकवून दुरुस्त करता येतात. फरकाचा मेळ लागत नसेल तर त्या वेळांवर विसंबू नये आणि घड्याळ लावून नोंद नव्याने सुरू करावी. दुसरी गोष्ट, परका आकडा. घरातील दुसऱ्या कोणी किंवा शेजाऱ्यांनी त्याच मीटरवर साखर पाहिलेली असते आणि तो आकडाही स्मृतीत बसतो. तो तक्त्यात येता कामा नये. (टोचण्याची सुई मात्र दोघांनी कधीही सामाईक वापरू नये.) तिसरी गोष्ट, वहीत न आलेले आकडे. नको असलेला मोठा आकडा लिहायचा राहून जातो, किंवा ११८ चा १८१ होतो. वही आणि मीटर यांत तफावत असेल तर मीटरचा आकडा धरावा.

वेळ कशानेच ठरत नसेल, तर तो आकडा अंदाजाने एखाद्या रकान्यात बसवू नये. शेरा या रकान्यात ‘वेळ अज्ञात’ असे लिहून ठेवावा. तक्त्यातील रिकामी जागा डॉक्टरांची दिशाभूल करत नाही. चुकीच्या जागी बसलेला आकडा करतो.

एक दिवस, एक ओळ

आता मांडणी. आडव्या ओळीत एक दिवस आणि उभ्या रकान्यांत दिवसातील ठरावीक प्रसंग, ही रचना सर्वांत सोयीची. प्रसंग चारच ठेवावेत: सकाळी उपाशी, नाश्त्यानंतर दोन तास, दुपारच्या जेवणापूर्वी आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तास. इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टर आणखी काही वेळा सांगतात. त्यांच्यासाठी रकाने वाढवावेत. दोन तास पहिल्या घासापासून मोजावेत, हात धुतल्यापासून नव्हे. दीड ते अडीच तासांत घेतलेली मोजणी त्या रकान्यात लिहिण्यास हरकत नाही. त्यापलीकडची मोजणी वेळेसह शेऱ्यात जावी.

दररोज चारही वेळा बोट टोचण्याची गरज नसते. उपाशीपोटीची मोजणी रोज आणि उरलेल्या आलटून पालटून घेतल्या तरी दोन आठवड्यांत प्रत्येक प्रसंगाचे चित्र उभे राहते. उदाहरणातील बाईंचा पहिला आठवडा तक्त्यात असा उतरला:

| दिनांक | उपाशी | नाश्त्यानंतर २ तास | दुपारच्या जेवणापूर्वी | रात्रीच्या जेवणानंतर २ तास | वार | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|
| २८ जुलै | १३४ | | ६१ | २३८ | सोम | उपवास. गोळी ८.३०, फक्त चहा. ११.५० ला घाम, थरथर, साखरपाणी, १२.१० ला १०४. उपवास सोडताना भात, खीर |
| २९ जुलै | १४८ | १८२ | | | मंगळ | संध्याकाळी २ पातोळ्या |
| ३० जुलै | १३६ | | ११२ | १७६ | बुध | |
| ३१ जुलै | १२९ | १७१ | | | गुरू | |
| १ ऑगस्ट | १३८ | | ११८ | १८४ | शुक्र | |
| २ ऑगस्ट | १४१ | १९० | | | शनि | नाश्त्याला २ पोई |
| ३ ऑगस्ट | १३३ | | १०९ | १९२ | रवि | |

सोमवारी साखरपाणी घेतल्यानंतरचा १०४ हा आकडा रकान्यात नाही, शेऱ्यात आहे, हे लक्षात घ्यावे. तो उपचारानंतरचा आकडा आहे. तो ‘जेवणापूर्वी’च्या रकान्यात लिहिला असता, तर ६१ त्याच्याआड गेला असता.

आहाराची नोंद शेऱ्यातच करावी, परंतु रोजचे संपूर्ण ताट लिहू नये. पानाच्या माथ्यावर एकदाच नेहमीचा दिवस लिहावा: सकाळी एक पोई व भाजी, दुपारी दीड वाटी उकड्या तांदळाचा भात, हुमण, भाजी, रात्री दोन पोळ्या आणि एक वाटी भात. त्यानंतर ज्या दिवशी यात बदल झाला, त्याच दिवशी तेवढाच बदल वाटी, पोळी, नग अशा मापात टिपावा. ‘जेवण नेहमीप्रमाणे’ हे शब्द चौदा वेळा वाचण्यात डॉक्टरांचा वेळ जातो. ‘२ पातोळ्या’ हे दोन शब्द मात्र पुढच्या आकड्याचा खुलासा करतात. गोळी चुकली, वेळ बदलली, ताप आला, रात्री उशिरा जेवण झाले, या गोष्टीही येथेच याव्यात.

गूगल शीट्समध्ये भरताना

हाच तक्ता मोबाइलवर किंवा संगणकावर गूगल शीट्समध्ये भरता येतो. काही निवडी मोबाइलवर दिसत नाहीत. म्हणून शेवटची मांडणी संगणकावर करणे सोपे जाते. A या रकान्यात दिनांक, B ते E मध्ये साखरेचे चार प्रसंग, F मध्ये वार आणि G मध्ये शेरा ठेवावा. वार आणि शेरा मुद्दाम शेवटी ठेवले आहेत, कारण त्यामुळे आलेखासाठी A ते E हे सलग रकाने निवडता येतात.

सर्वांत जास्त घोटाळा दिनांकाचा होतो. शीटची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल, तर 4/8/2025 हे चार ऑगस्ट न राहता आठ एप्रिल होते. याउलट 28/7/2025 हे दिनांकच मानले जात नाही, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो. ते नुसती अक्षरे म्हणून पडून राहते. परिणामी काही दिवस वेगवेगळ्या महिन्यांत विखुरलेले आणि काही कोठेच नाहीत, असा आलेख तयार होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरा दिनांक आणि खरी संख्या चौकोनात उजव्या कडेला चिकटते. अक्षरे डाव्या कडेला राहतात. उपाय असा: `File` → `Settings` मध्ये `Locale` हे `India` करावे आणि मगच दिनांक भरण्यास सुरुवात करावी. चुकीच्या मांडणीत आधी भरलेले दिनांक पुन्हा टंकावेत.

दुसरा घोटाळा आकड्यांचा होतो. चौकोनात केवळ संख्या असावी. `134 उपाशी` किंवा `134?` असे लिहिले की ती संख्या न राहता अक्षरे होतात आणि सरासरीतून व आलेखातून ती निसटतात. मराठी कळफलक वापरणाऱ्यांनी आकड्यांपुरता तो बदलून `134` असे अंक टंकावेत आणि ते उजव्या कडेला बसले की नाही ते पाहावे. जी मोजणी घेतलीच नाही तिचा चौकोन रिकामा ठेवावा. तेथे शून्य लिहू नये. शून्य ही साखरेची मोजणी ठरते आणि सरासरी खाली ओढते. मीटरने आकड्याऐवजी `LO` किंवा `HI` दाखवले असेल, तर साखर मीटरच्या मोजमापाच्याही बाहेर गेली होती असा त्याचा अर्थ. ते शेऱ्यात लिहावे. अशी वेळ तक्त्यात नोंदवून थांबण्याची नसून तातडीने वैद्यकीय मदत घेण्याची असते.

वाराचा रकाना हाताने भरण्याची गरज नाही. दिनांक बरोबर बसला असेल तर F2 मध्ये पहिले सूत्र लिहून ते खाली ओढावे. वार आपोआप येतात. चौदा दिवसांच्या खाली पुढची सूत्रे लिहिली की गोषवारा तयार होतो:

```
=TEXT(A2,"dddd")
=AVERAGE(D2:D15)
=MIN(D2:D15)
=MAX(D2:D15)
=COUNTIF(B2:E15,"<70")
```

सरासरी, किमान आणि कमाल प्रत्येक रकान्याची वेगवेगळी काढावी. शेवटचे सूत्र संपूर्ण तक्त्यात ७० च्या खालचे आकडे किती आले ते मोजते. ७० च्या खाली साखर गेली की ती कमी झाली असे मानतात आणि ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर असते. म्हणून हा एक आकडा डॉक्टर सर्वप्रथम पाहतात.

सरासरीने लपवलेले

उदाहरणातील पहिल्या आठवड्यात एकूण अठरा मोजण्या झाल्या. त्या सर्वांची सरासरी १५० येते. एचबीए१सी तपासणीत ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, असे धरले जाते. त्या हिशेबाने १५० पाहून कोणीही निश्चिंत होईल. दुपारच्या जेवणापूर्वीच्या चार मोजण्यांची सरासरी तर बरोबर १०० आहे. इतका सुरेख आकडा तक्त्यात दुसरा नाही. परंतु ६१, ११२, ११८ आणि १०९ यांपासून तो बनला आहे. घाम सुटून हात थरथरले, तो ६१ या शंभरामध्ये विरघळून गेला.

एचबीए१सी हीसुद्धा एका अर्थाने सरासरीच असल्याने खूप खाली आणि खूप वर जाणारी साखर तेथेही मध्यम दिसू शकते. घरच्या मोजण्यांच्या सरासरीवरून एचबीए१सीचा अंदाज बांधणेही योग्य नाही. घरी बोट केव्हा टोचले यावर ती सरासरी अवलंबून असते. केवळ सकाळी मोजणाऱ्याची आणि केवळ जेवणानंतर मोजणाऱ्याची सरासरी एकाच व्यक्तीची असली तरी वेगळी येईल. म्हणून गोषवाऱ्यात सरासरीच्या जोडीला किमान व कमाल हे दोन आकडे असलेच पाहिजेत.

आलेख: रेषा नको, ठिपके हवेत

पुष्कळ जण सर्व आकडे एकाखाली एक लिहून त्यांची एकच रेषा काढतात. असा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. सकाळी खाली, जेवणानंतर वर, पुन्हा खाली; प्रत्येक माणसाची साखर अशीच हलते. त्या रेषेवरून कोणती चढ-उतर साहजिक आणि कोणती काळजीची, हे कळत नाही. योग्य आलेखात आडव्या अक्षावर दिनांक, उभ्या अक्षावर साखर आणि चार प्रसंगांचे चार रंगांचे ठिपके असतात. रेषांनी ते जोडलेले नसतात.

त्यासाठी A1 ते E15 हे चौकोन निवडून `Insert` → `Chart` करावे आणि `Chart type` मध्ये `Scatter chart` निवडावा. नंतर `Customise` मधील `Vertical axis` येथे `Min` 40 आणि `Max` 280 असे ठरवून द्यावे. हे केले नाही तर शीट दर वेळी स्वतःच्या मर्जीने अक्ष ताणते. मग एका महिन्याचा १९० आणि दुसऱ्या महिन्याचा २६० सारख्याच उंचीवर दिसू शकतात आणि दोन पाने शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. एखादा आकडा या मर्यादेबाहेर असेल तर मर्यादा वाढवावी व पुढेही तीच ठेवावी. छापील प्रतीवर ७० आणि १८० या उंचीवर पट्टीने दोन आडव्या रेषा ओढाव्यात. सर्वसाधारणपणे दिवसभरातील साखर या दोन रेषांच्या आत असावी असे मानतात. वय, इतर आजार आणि औषधे पाहून डॉक्टर कोणाला वेगळी मर्यादा सांगतात. तशी सांगितली असल्यास रेषा तेथे ओढाव्यात.

संगणक नसेल तर आलेख-कागद पुरेसा आहे. आडव्या दिशेने एका सेंटिमीटरला एक दिवस आणि उभ्या दिशेने एका सेंटिमीटरला २० असे प्रमाण घेतले, तर चौदा दिवस आणि ४० ते २८० ही व्याप्ती चौदा बाय बारा सेंटिमीटरमध्ये बसते. चार रंगांची पेने नसतील तर गोल, फुली, चौकोन आणि त्रिकोण अशा खुणा वापराव्यात.

सोमवारची उभी रेषा

फोंड्याच्या बाईंच्या मुलाने २८ जुलै ते १० ऑगस्ट या चौदा दिवसांचा असा आलेख काढला. दुपारच्या जेवणापूर्वीचे आठ ठिपके होते. त्यांतील सहा १०५ ते १२१ या अरुंद पट्ट्यात एका ओळीत बसले. उरलेले दोन, ६१ आणि ६४, खालच्या रेषेच्याही खाली पडले. रात्रीच्या जेवणानंतरच्या आठ ठिपक्यांपैकी सहा १७६ ते १९२ मध्ये होते आणि दोन, २३८ आणि २३१, त्यांच्या बऱ्याच वर. खालचे दोन आणि वरचे दोन ठिपके एकाच दोन तारखांच्या उभ्या रेषांवर होते: २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. वाराचा रकाना पाहिला तर दोन्ही श्रावणी सोमवार.

शेऱ्याने उरलेला धागा जोडला. दोन्ही सोमवारी उपवास होता आणि गोळी नेहमीच्या वेळी घेतली गेली होती. ग्लिमेपिराइड हे औषध पोटात अन्न आहे की नाही याची वाट न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडते. नाश्ता असला की ते इन्सुलिन नाश्त्यातील साखरेवर खर्च होते. नुसता चहा असला की रक्तातील साखर खाली जाते. मेटफॉर्मिन एकटे असे सहसा करत नाही. संध्याकाळी उपवास सोडताना मोठे जेवण आणि खीर झाल्याने रात्रीचा आकडा उलट वर गेला. वहीत ही सगळी माहिती होतीच. परंतु एक सोमवार एका पानावर आणि दुसरा तिसऱ्या पानावर असल्याने त्या दोघांची गाठ पडली नव्हती.

डॉक्टरांना हे पान वाचायला एक मिनिट लागले. त्यांनी रोजचे औषध वाढवले नाही. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी केव्हा घ्यायची आणि उपवास कशाने सोडायचा, एवढेच बदलून दिले. केवळ रात्रीचे २३८ आणि २३१ पाहून औषध वाढवले गेले असते, तर पुढच्या सोमवारी दुपारची साखर आणखी खाली गेली असती. तक्ता पाहून स्वतःच गोळी बंद करणे किंवा कमी करणे मात्र टाळावे. तो निर्णय डॉक्टरांचाच. साखर ७० च्या खाली आल्याचे दिसताच मात्र थांबू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजूनही ती कमी असेल तर पुन्हा तेच करावे आणि डॉक्टरांना कळवावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कोणत्या फरकाला अर्थ नाही

आलेख हाती आला की प्रत्येक लहान चढ-उताराचे कारण शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. घरगुती मीटरांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानकच असे आहे की १०० किंवा त्याहून अधिक साखर असताना पंचाण्णव टक्के मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या पंधरा टक्के पुढेमागे असाव्यात, आणि १०० च्या खाली पंधरा मिलिग्रॅम पुढेमागे. म्हणजे शुक्रवारचा १३८ आणि शनिवारचा १४१ हे व्यवहारात एकच आहेत. एकटा उंच ठिपकाही पुरावा ठरत नाही. आंबा किंवा फणस हाताळून हात न धुता बोट टोचले, तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात. अनपेक्षित आकडा आला की हात साबणाने धुऊन, पुसून नव्या पट्टीवर पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे शेऱ्यात लिहावेत. एकाच प्रसंगाचे दोन-तीन ठिपके एकाच बाजूला, एकाच परिस्थितीत पडले, की मगच त्याला पद्धत म्हणावे.

डॉक्टरांकडे न्यायचे पान एकच असावे. माथ्यावर नाव, वय, कालावधी, औषधांची नावे, मात्रा व घेण्याच्या वेळा. त्याखाली नेहमीचा आहार दोन ओळींत. मग चौदा ओळींचा तक्ता, गोषवारा आणि शेवटी आलेख. `File` → `Download` → `PDF` असे करून ते छापून घ्यावे. पडद्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र देऊ नये. त्यात लहान आकडे वाचता येत नाहीत. मूळ वही आणि मीटर सोबत ठेवावेत, कारण एखाद्या आकड्याबद्दल शंका आली तर खातरजमा तेथेच होते. उपचारात बदल झाल्यानंतरच्या चौदा दिवसांचे नवे पान त्याच रकान्यांत आणि त्याच ४० ते २८० या अक्षावर करावे. जुने पान त्याच्याशेजारी ठेवले की सोमवारचे ठिपके दोन रेषांच्या आत आले की नाहीत, हे डॉक्टरांप्रमाणेच घरच्यांनाही पाहता येते.